सहा टक्क्यांची आघाडी आणि दोन उभ्या रेघा

२०१६ च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेतल्या मार्केट लॉ स्कूलने विस्कॉन्सिन राज्यात शेवटची मतदारचाचणी घेतली. हिलरी क्लिंटन ४६ टक्के, डोनाल्ड ट्रम्प ४० टक्के. त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३.५. त्यानंतर सुमारे आठवडाभराने मतदान झालं आणि ट्रम्प जिंकले. त्यांना ४७.२ टक्के मतं मिळाली, क्लिंटन यांना ४६.५.

चाचणीच्या तळटीपेतलं ‘अधिक-उणे’ गणितात असं लिहितात: |p − 46| ≤ 3.5. इथे p म्हणजे सर्व मतदारांमधला क्लिंटन यांचा खरा टक्का. उभ्या रेघा केवलमूल्य दाखवतात, म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर; कोणती मोठी, कोणती लहान हा प्रश्नच नाही. वाचायचं ते असं: खरा टक्का ४६ पासून फार तर साडेतीन टक्के दूर आहे, डावीकडे किंवा उजवीकडे. म्हणजे ४२.५ ते ४९.५ या पट्ट्यात कुठेही. ४६ हा नमुन्यात मिळालेला आकडा, म्हणून तो पट्ट्याच्या मधोमध येतो.

आता निकाल ताडून पाहू. क्लिंटन यांच्यासाठी |46.5 − 46| = 0.5, अंतर मर्यादेत बसतं. ट्रम्प यांच्यासाठी |47.2 − 40| = 7.2, मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

आघाडीचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. सहा टक्क्यांची आघाडी साडेतीनपेक्षा मोठी, म्हणून पक्की, असं अनेकांना वाटतं. पण साडेतीन ही एका उमेदवाराच्या टक्क्याची मर्यादा आहे. नमुन्यात एकाचे समर्थक योगायोगाने जास्त आले, की दुसऱ्याचे बहुधा कमी येतात, त्यामुळे फरकातली चूक वाढते. या आकड्यांसाठी ती मर्यादा सुमारे ६.५ येते. आघाडीला d म्हटलं, तर |d − 6| ≤ 6.5, म्हणजे उणे ०.५ ते १२.५. या पट्ट्यात शून्यही येतं. म्हणजे केवळ नमुन्याच्या योगायोगाचा विचार केला तरी ही आघाडी पक्की नव्हती.

प्रत्यक्षातली आघाडी उणे ०.८ च्या आसपास निघाली, पट्ट्याच्या जराशी बाहेर. असं होऊ शकतं, कारण ही मर्यादा साधारणपणे ९५ टक्के खात्रीची असते: अशाच रीतीने शंभर नमुने घेतले, तर सुमारे ९५ वेळा असमानता खरी ठरते. शिवाय ती फक्त नमुना निवडण्यातला योगायोग मोजते. ४६ आणि ४० मिळून ८६ होतात. उरलेल्या १४ टक्क्यांत इतर उमेदवारांचे समर्थक होते, तसेच मन न ठरलेले मतदारही. जनमत-संशोधकांच्या अमेरिकी संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या तपासणीत दिसलं, की विस्कॉन्सिनमध्ये शेवटच्या आठवड्यात निर्णय घेतलेले मतदार मोठ्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेले. चाचणी संपल्यानंतर बदललेलं मन तिच्या ३.५ मध्ये मोजलेलं नसतं.

म्हणून पुढची चाचणी वाचताना आधी प्रत्येक टक्क्याभोवतीचा पट्टा काढावा. मग आघाडीसाठी त्या मर्यादेची जवळजवळ दुप्पट धरावी आणि पट्ट्यात शून्य येतं का ते पाहावं. येत असेल, तर त्या चाचणीवरून ‘अमुक पुढे आहे’ असं खात्रीने म्हणता येत नाही.