ब्रेक लागला की रिमोट का शोधावा लागतो?

मालिका बघताना आवाज ३० वर ठेवलेला असतो, ब्रेक लागतो आणि जाहिरात अंगावर येते. आपल्याला वाटतं, चॅनेलवाल्यांनी आवाज वाढवला. पण दोन्हींचं रेकॉर्डिंग करून वेव्हफॉर्म बघितला तर दोन्हींची शिखरं (पीक) बहुतेकदा सारख्याच उंचीवर दिसतात. फरक शिखरांच्या मधल्या भागात असतो. मालिकेत संवाद, शांतता, मग एखादं दार आपटणं. जाहिरातीत कॉम्प्रेसर लावून हळू भागही वर उचललेला, म्हणजे ती सगळा वेळ शिखराच्या जवळपासच. कान शिखर मोजत नाही, साधारण सरासरी ऊर्जा मोजतो.

म्हणून आयटीयू-आर बीएस.१७७० या मानकात कानाच्या संवेदनेनुसार फ्रिक्वेन्सींना वजन देऊन ही सरासरी काढतात. एकक एलयूएफएस. ffmpeg असेल तर मोजणं एका ओळीचं काम आहे:

```
ffmpeg -i jahirat.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी येणाऱ्या सारांशात `I` म्हणजे संपूर्ण फाइलचा लाउडनेस. समजा मालिका -२६ आली, जाहिरात -१५, आणि दोन्हींचं ट्रू पीक -१. फरक ११ डेसिबल. १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे आपली तक्रार खरी!

आता समपातळी. युरोपातल्या प्रसारणाचं लक्ष्य -२३ आहे, म्हणून तेच धरलं तर मालिका ३ डेसिबल वर न्यावी लागेल. पण तिचं शिखर -१ वर आहे. ते +२ होणार आणि आवाज फाटणार. त्यापेक्षा मालिकेला हात न लावता जाहिरात खाली आणा:

```
ffmpeg -i jahirat.wav -af volume=-11dB jahirat_sam.wav
```

पुन्हा मोजा, -२६ यायला हवं. कमी वाटलं तर टीव्हीचा आवाज वाढवा, फाइलचा नको. श्रवण-प्रयोग करणाऱ्यांनी नमुने असे जुळवल्याशिवाय 'कोणता आवडला?' विचारूच नये. जरासा मोठा आवाज लोकांना सहसा 'चांगला' वाटतो.

तरीही एक गोची उरते. ब्रेकच्या आधीचा प्रसंग कुजबुजीचा, -३८ च्या आसपासचा असेल तर -२६ ची जाहिरात मोठीच वाटणार. शिवाय सरासरीपेक्षा १० हून अधिक खालचे तुकडे हे मानक मोजणीतून वगळतं (याला गेटिंग म्हणतात), त्यामुळे ती कुजबुज `I` मध्ये दिसतच नाही.

टीव्हीतलं 'ऑटो व्हॉल्यूम' इथे कामी येतं, कारण ते आत्ताच्या क्षणाकडे बघून आवाज वरखाली करतं. मात्र पुढे काय येणार हे त्याला माहीत नसतं. जाहिरातीचा पहिला क्षण निसटतो, आणि संवाद थांबला की मागचा पंख्याचा आवाज हळूहळू फुगतो. हे फुगणं ऐकू आलं की समजा सेटिंग चालू आहे. बातम्यांना मी ते चालू ठेवते, गाण्यांच्या कार्यक्रमाला बंद.