अर्ध्या अर्ध्या गुणाची भूमिती

दहावीच्या सराव कार्यपत्रिकेतला 2 गुणांचा प्रश्न: O केंद्र, त्रिज्या 5 सेमी, OP = 13 सेमी, तर स्पर्शिकाखंड PA किती?

उत्तरसूचीत चार पायऱ्या, प्रत्येकी अर्धा गुण.

∠OAP = 90°, कंसात कारण: स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय.
OP² = OA² + PA², पायथागोरसचे प्रमेय.
PA² = 169 − 25 = 144.
PA = 12 सेमी.

5-12-13 हे त्रिकूट पाठ असलेला हुशार गडी थेट 12 लिहितो आणि शेवटचा अर्धाच गुण घेतो. काटकोन कुठून आला, हे त्याने सांगितलेलंच नसतं! उलट वजाबाकीत 134 लिहिणाऱ्याच्या पदरात पहिल्या दोन पायऱ्यांचा एक गुण पडतो. PA² = 169 + 25 लिहिणाऱ्याने मात्र कर्णच चुकीचा धरलेला असतो; त्याला फक्त काटकोनाचा अर्धा.