जुना प्रोसेसर, नवा गेम आणि एव्हीएक्स-२

माझ्या टेबलावरच्या पीसीत इंटेलचा कोअर आय७-३७७० आहे. २०१२ सालचा प्रोसेसर, चार कोअर, आठ थ्रेड; सोबत १६ जीबी रॅम आणि नंतर बसवलेलं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. एवढ्यावर बरेच गेम आजही नीट चालतात. पण नव्या गेमच्या गरजांच्या यादीत शेवटी एक ओळ होती: प्रोसेसरला एव्हीएक्स-२ असणं आवश्यक. सीपीयू-झेड उघडून Instructions ही ओळ वाचली. एव्हीएक्स होतं, एव्हीएक्स-२ आणि एफएमए-३ नव्हतं. ही दोन्ही इंटेलने २०१३च्या हॅसवेल पिढीत आणली.

तरीही गेम उतरवला आणि सुरू केला. काळी खिडकी क्षणभर आली आणि गेली. कसलाही संदेश नाही. अशा वेळी ड्रायव्हर बदलत बसण्याआधी विंडोजचा Event Viewer उघडावा. Windows Logs मधल्या Application भागात Event 1000ची नोंद सापडते. तिथे Exception code समोर `0xc000001d` दिसला, तर प्रोसेसरला न कळणारी सूचना आल्याची ती खूण आहे. `0xc0000005` असेल तर तो मेमरीचा घोटाळा. त्याची कारणं वेगळी. माझ्याकडे पहिला कोड होता.

त्याच नोंदीतली Faulting module nameची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. तिथे एखाद्या डीएलएलचं नाव असेल, तर अडचण त्या एका लायब्ररीत असू शकते आणि कंपनीला ती बदलणं सोपं जातं. गेमच्या मूळ एक्झिक्यूटेबलचंच नाव असेल, तर बहुधा अख्खा गेम `/arch:AVX2` हा पर्याय लावून कंपाइल केलेला असतो. मग नव्या सूचना कोडमध्ये जागोजाग विखुरलेल्या असतात. माझ्या नोंदीत एक्झिक्यूटेबलचंच नाव होतं.

यादीत 'आवश्यक' लिहिलं म्हणून गेम उघडणारच नाही, असं मात्र नसतं. काही गेम सुरुवातीलाच प्रोसेसरची चौकशी करतात आणि संदेश दाखवून थांबतात. काही चौकशी करत नाहीत. ती सूचना वाटेत येईपर्यंत चालतात. डिसेंबर २०२०मध्ये आलेला 'सायबरपंक २०७७' एव्हीएक्स नसलेल्या प्रोसेसरवर प्रोलॉगच्या शेवटी बंद पडत होता, म्हणजे लोकांचा बराच खेळ झाल्यावर. त्याच महिन्यात १.०५ पॅचने एव्हीएक्सची अट काढली आणि तोच गेम त्याच प्रोसेसरांवर पुढे चालू लागला. अट काढणं शक्य असतं. पण ते गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं.

सुरुवातीची चौकशी चुकवणाऱ्या फायली लोक वाटत असतात. त्यांच्यापासून दूर राहावं, आणि त्यामागे केवळ व्हायरसची भीती नाही. हॅसवेलबरोबर आलेली `lzcnt` ही सूचना घ्या. संख्येच्या डावीकडची शून्यं मोजणं हे तिचं काम. आय७-३७७० तिच्यावर अडत नाही. तिला जुनी `bsr` समजून चालवतो. ३२ बिटांत १ या संख्येसाठी उत्तर ३१ यायला हवं, ते ० येतं. गेम बंद पडत नाही, चुकीच्या आकड्यावर पुढे जातो. त्यातून सेव्ह बिघडलं, तर कारण कोणत्याही नोंदीत सापडणार नाही.

प्रामाणिक उपाय एकच उरतो, इंटेलचा सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट एम्युलेटर. प्रोग्रामरांसाठी बनवलेलं हे मोफत साधन प्रोसेसरला न येणाऱ्या सूचना सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवतं:

```
sde -hsw -- game.exe
```

`-hsw` म्हणजे हॅसवेल असल्याचं भासव. असा सुरू केल्यावर माझा गेम उघडला, मेनूही आला. पण मेनू यायलाच चहा करून होईल इतका वेळ गेला आणि पुढचा प्रसंग तुटक चित्रांसारखा सरकत राहिला. एम्युलेटर फक्त नव्या सूचनांनाच हात लावतो असं नाही. सगळा कोड त्याच्यातूनच जातो, म्हणून वेग इतका घसरतो. अँटी-चीट असलेल्या ऑनलाइन गेमवर हा प्रयोग करूच नये. अशी ढवळाढवळ तिथे फसवणूक समजली जाऊ शकते.

तेव्हा गेम उघडू शकतो, पण खेळता येत नाही. बदल करायचा, तर आधी मदरबोर्डचा सॉकेट पाहा. २०१७च्या पेंटियम जी४५६०ला एव्हीएक्ससुद्धा नाही, पण त्याच बोर्डवर आय५-७४०० बसतो आणि त्याला एव्हीएक्स-२ आहे. आय७-३७७०चा सॉकेट ११५५, हॅसवेलचा ११५०. इथे बोर्डासकट सगळं बदलावं लागतं. तोवर यादीतली ती ओळ वाचूनच गेम घ्या. घेतलाच, तर लगेच चालवून पाहा: स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ झाला असेल, तर पैसे परत मागता येतात.