बाळाच्या लिंगाचा निर्णय आणि त्याची संमती

काही बाळांचे शरीर जन्मतः स्त्री किंवा पुरुष यांच्या रूढ चौकटीत नेमके बसत नाही. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य जननेंद्रिये या चार गोष्टी बहुतेकांमध्ये एकमेकींशी जुळून येतात. काहींमध्ये त्यांतली एखादी वेगळ्या वाटेने वाढते. अशा शरीरांना आंतरलिंगी किंवा इंटरसेक्स म्हणतात. हा एक आजार नाही. वेगवेगळ्या कारणांनी घडणाऱ्या चाळीसहून अधिक शारीरिक भेदांना मिळून दिलेले हे नाव आहे. काही भेद जन्मताच दिसतात, काही वयात येताना कळतात, तर काही आयुष्यभर लक्षातही येत नाहीत.

जन्माच्या वेळीच ध्यानात येणाऱ्या भेदांमध्ये सर्वाधिक आढळणारा भेद अधिवृक्क ग्रंथींशी संबंधित आहे. डॉक्टर त्याला सीएएच म्हणतात. साधारण १५,००० जन्मांत एका बाळात तो आढळतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींमध्ये कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होते. ते तयार करणारे एक विकर जनुकीय दोषामुळे काम करत नसेल, तर कॉर्टिसॉल कमी पडते. मेंदूतील पीयूष ग्रंथी ‘आणखी बनवा’ असा रेटा लावत राहते आणि अर्धवट तयार झालेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. बाळ एक्सएक्स गुणसूत्रांचे असेल, तर त्याला गर्भाशय आणि बीजकोश नेहमीसारखेच असतात. पण गर्भातच पुरुषी संप्रेरके वाढल्याने शिश्निका मोठी होते आणि योनीच्या कडा कमी-अधिक जुळून येतात. मग प्रसूतिगृहात ‘मुलगा की मुलगी?’ या प्रश्नाचे उत्तर कोणी चटकन देऊ शकत नाही.

या बाळाच्या बाबतीत दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात आणि ते वेगळे ठेवणे फार गरजेचे आहे. पहिला प्रश्न जिवाचा आहे. सीएएचच्या बहुतेक बाळांमध्ये शरीरातील मीठ धरून ठेवणारे संप्रेरकही अपुरे असते. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बाळ दूध ओढेनासे होते, उलट्या करते, वजन घटते आणि ते मलूल पडते. रक्तातले सोडियम उतरते, पोटॅशियम चढते. वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळ दगावते. म्हणून जननेंद्रिये संदिग्ध दिसताच सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी आणि क्षारांची तपासणी करतात. हायड्रोकॉर्टिझोन, मीठ धरून ठेवणारे फ्लुड्रोकॉर्टिझोन आणि तान्हेपणी थोडे मीठ, एवढ्यावर बाळ सावरते. ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ताप किंवा मोठ्या आजारात डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हायड्रोकॉर्टिझोनचा डोस वाढवावा लागतो, हे आईवडिलांनी पक्के लक्षात ठेवायचे असते. हाच आजार असलेला मुलगा बाहेरून नेहमीसारखा दिसतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत धोका अधिक असतो: कोणाला संशयच येत नाही.

हा दोष बाळाला आई आणि वडील दोघांकडून मिळतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. मामेबहिणीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. यात आईचा दोष नाही, गर्भारपणातल्या वागण्याचाही नाही.

दुसरा प्रश्न बाह्य जननेंद्रियांच्या रूपाचा असतो. त्यात जिवाची घाई नसते. मोठी शिश्निका लघवीला अडथळा करत नाही, दुखत नाही आणि मिठाचा धोका तिच्यामुळे वाढत नाही. तरी ती कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत उरकली गेली. या घाईमागे १९५०च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन मनी यांनी मांडलेली कल्पना होती. मूल अगदी लहान असताना त्याच्या शरीराला ठरवलेल्या लिंगासारखे रूप दिले आणि तसे वाढवले, तर त्याची ओळखही तशीच घडते, असे त्यांचे म्हणणे होते. मनी यांचे गाजलेले उदाहरण आंतरलिंगी नव्हते. तो सुंतेच्या अपघातात शिश्न गमावलेला आणि मुलगी म्हणून वाढवलेला मुलगा होता. त्याने किशोरवयातच मुलगी म्हणून जगणे नाकारले आणि १९९७ मध्ये ही हकिगत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. घाईमागचा मुख्य आधारच त्यामुळे कोसळला.

शिश्निकेत मज्जातंतूंचे दाट जाळे असते. ते छाटले गेले की संवेदना कमी होऊ शकते आणि ती परत मिळत नाही. लहानपणी केलेला योनिमार्ग आकसतो, पुन्हा शस्त्रक्रिया लागतात, काही मुलींना तो रुंद ठेवण्यासाठी वेदनादायक उपाय सोसावे लागतात. शिवाय हे मूल पुढे स्वतःला काय मानेल, हे जन्माच्या वेळी खात्रीने सांगता येत नाही. सीएएच असलेल्या बहुतेक एक्सएक्स मुली मोठेपणी स्वतःला स्त्रीच मानतात. काही मात्र मानत नाहीत. मूल मुलगी म्हणून वाढवण्यास शस्त्रक्रियेची गरज नसते. नाव, नोंद आणि संगोपन तिच्यावाचूनही होते, आणि पुढे मूल वेगळे सांगू लागले तर या गोष्टी बदलता येतात. कापलेला अवयव पूर्ववत होत नाही.

अर्थात प्रत्येक शस्त्रक्रिया थांबवता येत नाही. लघवीचा मार्ग बंद असेल, मूत्राशय पोटाबाहेर उघडे असेल किंवा ग्रंथीत कर्करोगाचा प्रत्यक्ष धोका असेल, तर ती करावीच लागते. पण ‘कर्करोग होईल’ हे कारण सरसकट चालत नाही. ज्यांचे शरीर पुरुषी संप्रेरकाला अजिबात प्रतिसाद देत नाही, अशा एक्सवाय मुलींच्या पोटात वृषणे असतात. त्यांचे स्तन वाढतात, पाळी मात्र येत नाही. अनेकदा पंधरा-सोळाव्या वर्षी या भेदाचा पत्ता लागतो. वयात येण्यापूर्वी त्या ग्रंथींत कर्करोग होण्याचा धोका फार कमी असतो. त्या काढल्यास मात्र जन्मभर संप्रेरके घ्यावी लागतात. म्हणून अशा ग्रंथींचे काय करायचे, हे त्या मुलीला समजेल अशा वयापर्यंत थांबवता येते.

ट्रान्सजेंडर असणे ही वेगळी गोष्ट आहे. आंतरलिंगी हा शब्द शरीराबद्दल आहे, तर ट्रान्सजेंडर हा आपण कोण आहोत या जाणिवेबद्दल. ट्रान्सजेंडर व्यक्तीचे शरीर जन्मतः बहुधा रूढ चौकटीतलेच असते, पण जन्मावेळी नोंदवलेले लिंग तिला आपले वाटत नाही. बहुसंख्य आंतरलिंगी माणसे साधेपणाने स्त्री किंवा पुरुष म्हणून जगतात. काही जण ट्रान्सजेंडरही असतात. कोणाबद्दल आकर्षण वाटते, हा या दोन्हींहून निराळा विषय आहे. भारताच्या २०१९च्या कायद्याने आंतरलिंगी व्यक्तींची व्याख्या स्वतंत्र दिली, पण त्यांना ट्रान्सजेंडर या छत्राखालीच आणले, आणि हा घोळ सर्वसामान्यांच्या मनातही तसाच राहिला. उपचारांच्या बाबतीत तर दोघांची तक्रार उलट दिशेची आहे. प्रौढ ट्रान्सजेंडर व्यक्ती मागूनही उपचारांसाठी खेटे घालते. आंतरलिंगी बाळावर न मागता शस्त्रक्रिया होते.

संमतीचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये सरळ हाताळला. आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले आणि आंतरलिंगी बालकांवरील अशा शस्त्रक्रियांवर बंदी आणण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडूने, जिवावर बेतलेले प्रसंग वगळून, तसा आदेश काढला. माल्टाने २०१५ मध्येच असा कायदा केला होता. आईवडिलांचा अधिकार यातून नाहीसा होत नाही. मिठाचे औषध देण्यास, लस टोचण्यास किंवा अडलेला मूत्रमार्ग मोकळा करण्यास त्यांचीच संमती लागते, कारण त्याला उशीर केला तर मुलाचे नुकसान होते. ज्या शस्त्रक्रियेला उशीर केल्याने मुलाचे काहीच बिघडत नाही, तिचा निर्णय मात्र त्याच्यासाठी राखून ठेवता येतो.

राखून ठेवणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या शरीराला रोज हे औषध लागते’ एवढे पुरते. आठ-दहाव्या वर्षी शरीराच्या वेगळेपणाबद्दल आणि किशोरवयात गुणसूत्रे, अपत्य होण्याची शक्यता, शस्त्रक्रियेचे फायदे-तोटे यांबद्दल बोलता येते. पूर्वी डॉक्टर आईवडिलांना हे गुपित ठेवायला सांगत. अनेकांना मोठेपणी जुनी कागदपत्रे हाती लागल्यावरच आपल्यावर काय केले गेले ते कळले. म्हणून तपासण्यांचे अहवाल आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे टिपण यांची प्रत घरी जपावी. संमती केवळ शस्त्रक्रियेपुरतीही नसते. विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर मुलाचे कपडे उतरवून केलेली तपासणी किंवा काढलेले फोटो यांना नकार देता येतो. बोलू लागलेल्या मुलाला हा नकार स्वतःच्या तोंडानेही देता यायला हवा.