पोट भरलं, तरी जिलबीला जागा

लग्नाच्या पंगतीत हे दृश्य हमखास दिसतं. वाढपी मसालेभाताचं पातेलं घेऊन दुसऱ्यांदा येतो, तेव्हा पानावर बसलेला माणूस दोन्ही हात आडवे धरून "आता शीतभरही नको" असं कळवळून सांगतो. पाठोपाठ जिलबीचं ताट येतं. हात आपोआप बाजूला होतात आणि दोन जिलब्या पानात पडतात. शेजारचे हसतात, पण हा माणूस खोटं बोलत नसतो. भात त्याला खरोखरच नको असतो आणि जिलबी खरोखरच हवी असते.

पोटात जागा नव्हती तर जिलबी गेली कुठे? या प्रश्नातच एक गैरसमज आहे. जठर म्हणजे ठरलेल्या मापाचा डबा नव्हे. रिकामं असताना त्यात जेमतेम पाऊण-एक वाटी ऐवज मावतो. घास उतरू लागला, की मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत निरोप जातो आणि जठराच्या वरच्या भागाचे स्नायू सैल पडतात. त्यामुळे आतला दाब फारसा न वाढता लिटर-दीड लिटर अन्न सहज मावतं. रोजच्या जेवणात आपण "पोट भरलं" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा जठराची ही मर्यादा आलेलीच नसते. मग आपण थांबतो कशामुळे?

याचं एक मोठं उत्तर ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. 1981 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. लोकांना आठ पदार्थ थोडे थोडे चाखायला दिले आणि प्रत्येक पदार्थ किती आवडला त्याला गुण द्यायला सांगितलं. मग त्यातला एकच पदार्थ पोटभर खायला दिला आणि जेवण झाल्यावर पुन्हा आठही पदार्थ चाखायला लावले. पोट सगळ्या पदार्थांसाठी एकच. तेव्हा भूक भागल्यावर आठांचेही गुण सारखेच घसरायला हवे होते. प्रत्यक्षात नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाचे गुण दाणकन खाली आले आणि बाकीच्यांचे जवळपास होते तिथेच राहिले. दुसऱ्या वाढीत तोच पदार्थ आला तर लोकांनी कमी खाल्लं आणि वेगळा आला तर जास्त.

म्हणजे तृप्ती सरसकट सगळ्या अन्नाची होत नाही. त्या त्या चवीची, वासाची, स्पर्शाची वेगवेगळी होते. मसालेभाताला "नको" म्हणणारा माणूस अन्नाला नको म्हणत नसतो. गरम, तिखट, मऊ, गोडा मसाला घातलेल्या त्या चवीला तो कंटाळलेला असतो. जिलबी गोड, कुरकुरीत आणि पाकाने ओथंबलेली. तिच्या बाबतीत तो अजून ताजातवाना असतो.

हीच मंडळी 1984 साली आणखी पुढे गेली. काही लोकांना चार वाढपांचं जेवण दिलं: सॉसेज, लोणी लावलेला पाव, चॉकलेटचा गोड पदार्थ आणि केळी. इतरांना चारही वेळा एकच पदार्थ वाढला. वेगवेगळे पदार्थ मिळालेल्यांच्या पोटात सुमारे 60 टक्के जास्त उष्मांक गेले. बुफेमध्ये एरवीचे मोजून खाणारे का घसरतात, हे यावरून ध्यानात यावं.

हा सगळा मामला पोटात घडतच नाही की काय, अशी शंका येणं साहजिक आहे. तीही तपासून झाली आहे. 1997 च्या एका प्रयोगात लोकांनी कोंबडीचं मांस किंवा केळं नुसतं चावलं आणि न गिळता थुंकून टाकलं. पोटात काही गेलं नाही, तरी चावलेल्या पदार्थाची गोडी कमी झालीच. नुसता वास घेऊनही त्या वासाचं आकर्षण उतरलं. माकडांवरच्या अभ्यासात तर मेंदूतल्या पेशीच सापडल्या. डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर असलेल्या भागातल्या काही पेशी ग्लुकोजची चव लागली की चेतवत. माकडाला ग्लुकोज पोटभर पाजत गेलं, तसतशी त्यांची चेतना मंदावत जवळजवळ थांबली. लगेच दुसऱ्या चवीचा रस जिभेवर ठेवला, तर त्याच पेशी पुन्हा जाग्या झाल्या.

यातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट स्मृती गमावलेल्या रुग्णांची. आपण नुकतेच जेवलो हेच त्यांना आठवत नसल्याने काही रुग्णांनी अर्ध्या तासाच्या आत समोर आलेलं दुसरं जेवणही खाल्लं. तरीही पुढे अशाच प्रकारच्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा खाल्लेल्या पदार्थाचा कंटाळा त्यांना इतरांसारखाच आलेला दिसला. जेवणाची आठवण पुसली गेली होती, पण चवीचा हिशेब मेंदूत कुठेतरी लिहिलेला होता.

आता गोडाचाच प्रश्न. चवीचा कंटाळा एवढंच कारण असतं, तर भरल्या पोटी चिवडाही तितकाच खुणावला असता. तो खुणावतोही, दिवाळीच्या फराळात लाडवावर चिवड्याचा बकाणा हवासा वाटतोच. पण जेवणानंतर साखरेची ओढ जरा वेगळीच असते. 2025 साली जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी या ओढीचा एक धागा उंदरांमध्ये पकडला. मेंदूतल्या ज्या पेशी पोट भरल्याचा संदेश देतात, त्याच पेशी साखर समोर आली की बीटा-एंडॉर्फिन हे शरीराचं स्वतःचं अफूसदृश द्रव्यही सोडतात. ते द्रव्य थॅलॅमसच्या एका भागात पोचलं, की पोट भरलेला उंदीरही साखर खात सुटतो. संशोधकांनी ही वाट बंद केली, तेव्हा भरल्या पोटाच्या उंदरांनी साखर सोडली, पण भुकेल्या उंदरांवर काही परिणाम झाला नाही. माणसांना नळीतून साखरेचं पाणी देऊन मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा मेंदूचा तोच भाग प्रतिसाद देताना दिसला. अर्थात उंदराच्या पिंजऱ्यातून थेट आपल्या पानापर्यंत उडी मारण्याची घाई नको.

गंमत अशी, की मराठी पंगतीत गोड शेवटी येतच नाही. वरण-भाताने सुरुवात होते, मग पुरीबरोबर श्रीखंड किंवा मध्येच जिलबी, त्यानंतर मसालेभात किंवा पुन्हा जिलबी, आणि शेवट ताकभाताने. जिलबीबरोबर मठ्ठा असतो तो उगाच नाही. तिसऱ्या-चौथ्या जिलबीला जिभेला मिठी बसते. म्हणजे गोडाचीही तृप्ती त्याच नियमाने होते. मग आल्याचा, मिरचीचा, कोथिंबिरीचा तो आंबट-खारट घोट घेतला की पुढची जिलबी पुन्हा पहिल्यासारखी लागते. पुरणपोळीशेजारी झणझणीत कटाची आमटी असते तीही याच कामाची. आग्रह करणाऱ्या यजमानाला हे शास्त्र ठाऊक नसतं, पण मठ्ठ्याचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं.

अर्थात जठराचीही एक खरी मर्यादा आहेच. ती आली की पोटाला तड लागते, श्वास जड होतो, मळमळू लागतं आणि मग जिलबीचा नुसता वासही सहन होत नाही. साधी ओळख अशी: मसालेभात नको वाटतोय, पण चटणी किंवा काकडीची कोशिंबीर चालेल असं वाटत असेल, तर थकली आहे ती जीभ. काहीच नको वाटत असेल, तर ते पोटाचं म्हणणं. या दोन्हींच्या मध्ये आणखी एक अडचण आहे. आतड्यांतून रक्तात येणारे पोटभरल्याचे संदेश पूर्ण जोरात यायला वेळ लागतो. त्यामुळे भराभर जेवणाऱ्याला, पाच मिनिटांत चार जिलब्या पोटात गेल्यावरही, अजून जागा आहे असंच वाटत राहतं. मग पान उचलून हात धुवायला उठतानाच कुठे त्याला पोटाचा भार कळतो.