एक सर्किट, सात दिवस

विषयाचं नाव कुठे ‘नेटवर्क ॲनालिसिस’ असतं, कुठे ‘सर्किट थिअरी’. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं त्याला नुसतं ‘नेटवर्क’ म्हणतात. परीक्षेला आठवडा उरला की अनेक जण पुस्तकाच्या शेवटाकडून सुरुवात करतात, कारण टू-पोर्टची सूत्रं पाठ करून मार्क मिळतील असं वाटतं. पण या विषयात पुढचं प्रत्येक प्रकरण मागच्यावर उभं असतं. नोडचं समीकरण चुकलं, की थेवेनिन चुकतं. थेवेनिन चुकलं, की ट्रान्झियंटही चुकतं. म्हणून उजळणीचा क्रम महत्त्वाचा आहे. तो समजून घ्यायला एकच छोटं सर्किट आठवडाभर समोर ठेवावं.

सर्किट असं: १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या धन टोकापासून ६ किलोओहमचा रेझिस्टर ‘अ’ या नोडपर्यंत, ‘अ’पासून ग्राउंडला ३ किलोओहम, आणि ‘अ’पासूनच २ किलोओहममधून पुढे ४ किलोओहमचा लोड. लोडचं दुसरं टोक ग्राउंडला.

पहिला दिवस नोड आणि मेशचा. किरचॉफने आपले दोन नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थीच होता, आणि आजही निम्मा पेपर त्याच नियमांवर चालतो. ‘अ’चा व्होल्टेज काढायचा तर ६ किलोओहममधून येणारा करंट हा ३ किलोओहममधून आणि लोडच्या फांदीतून जाणाऱ्या करंटच्या बेरजेइतका. लोडच्या फांदीत २ आणि ४ मिळून ६ किलोओहम आहेत. समीकरण सोडवलं की ‘अ’वर ३ व्होल्ट येतात. बॅटरीतून १.५ मिलिअँपिअर निघतो, त्यातला १ खाली ३ किलोओहममध्ये आणि ०.५ लोडकडे जातो.

इथे थांबू नये. बॅटरी १२ गुणिले १.५, म्हणजे १८ मिलिवॉट देते. रेझिस्टरांत अनुक्रमे १३.५, ३, ०.५ आणि १ मिलिवॉट खर्च होतात. बेरीज १८. हा पॉवरचा ताळा मिनिटभरात होतो आणि चिन्हाची चूक बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते. चिन्हाची चूक होते ती करंटची दिशा आणि व्होल्टेजची धन-ऋण टोकं वेगवेगळ्या वेळी, मनातल्या मनात ठरवल्यामुळे. आकृतीवर बाण आधी काढावा, रेझिस्टरच्या ज्या टोकातून करंट आत शिरतो तिथे धन चिन्ह द्यावं, आणि मग ती खूण गणित संपेपर्यंत बदलू नये. उत्तर ऋण आलं तर करंट बाणाच्या उलट दिशेने आहे एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी डिपेंडंट सोर्स, सुपरनोड आणि सुपरमेश. दोन नोडांच्या मध्ये व्होल्टेज सोर्स आला की त्याचा करंट माहीत नसतो, म्हणून दोन्ही नोड एकत्र घेऊन एक समीकरण लिहायचं आणि सोर्सच्या व्होल्टेजचं दुसरं. हे दुसरं समीकरण लिहायचंच राहून जातं. अज्ञातं किती आणि समीकरणं किती, हे मोजून पुढे जावं.

तिसरा दिवस थेवेनिन, नॉर्टन, सुपरपोझिशन आणि मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफरचा. लोड काढून टाकला की आपल्या सर्किटच्या टोकांवर ४ व्होल्ट मिळतात. बॅटरीच्या जागी शॉर्ट केलं की ६ आणि ३ पॅरलल, म्हणजे २, अधिक २, असे एकूण ४ किलोओहम. लोडही ४ किलोओहमच होता, म्हणजे त्याला मिळालेला १ मिलिवॉट ही या सर्किटकडून मिळू शकणारी कमाल पॉवर आहे.

आता परीक्षकाचा आवडता फेरा. ६ किलोओहममधून जेवढा करंट येतो तेवढाच आणखी करंट ‘अ’मध्ये सोडणारा डिपेंडंट सोर्स जोडला तर? अनेक जण सवयीने सगळे सोर्स बंद करतात आणि पुन्हा ४ किलोओहम लिहून मोकळे होतात. पण बंद करायचे ते फक्त स्वतंत्र सोर्स. डिपेंडंट सोर्स जागेवर ठेवून टोकांना बाहेरून १ व्होल्ट लावायचा आणि आत जाणारा करंट मोजायचा. उत्तर येतं ३.५ किलोओहम. पडताळाही आहे: ओपन सर्किट व्होल्टेज आता ६ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट सुमारे १.७१ मिलिअँपिअर, आणि भागाकार पुन्हा ३.५. हा दिवस घाईत उरकू नये. एकेक गणित नोडने आणि थेवेनिनने, असं दोन्ही रीतींनी सोडवलं तर सहा-सात गणितंही पुरतात.

चौथ्या दिवशी डिपेंडंट सोर्स काढून मूळ सर्किटकडे यावं आणि लोडच्या जागी २५० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर ठेवावा. कालच्या कामाचं फळ इथे मिळतं. थेवेनिनचे ४ किलोओहम गुणिले २५० मायक्रोफॅरड, म्हणजे टाइम कॉन्स्टंट बरोबर १ सेकंद. कपॅसिटरचा व्होल्टेज क्षणात उडी घेत नाही, म्हणून स्विच लावल्या क्षणी तो शून्यच, आणि करंट ४ भागिले ४, म्हणजे १ मिलिअँपिअर. एका सेकंदानंतर व्होल्टेज सुमारे २.५३ आणि पाच सेकंदांनंतर जवळजवळ ४ व्होल्ट. गणितात स्विचच्या आधीची, स्विचनंतर लगेचची आणि शेवटची, अशा तीन स्थितींच्या आकृत्या वेगळ्या काढाव्यात. एकाच आकृतीवर खाडाखोड करत गेलं की सुरुवातीची स्थिती हमखास चुकते. लाप्लास अभ्यासक्रमात असेल तर हेच गणित त्या रीतीने करून दोन्ही उत्तरं जुळतात का पाहावं.

पाचवा दिवस एसीचा. बॅटरी काढून १२ व्होल्ट आरएमएसचा साइन सोर्स लावला आणि कोनीय वारंवारता सेकंदाला १ रेडियन घेतली, तर त्या कपॅसिटरचा रिॲक्टन्स ४ किलोओहम होतो. करंट ०.७०७ मिलिअँपिअर, सोर्सच्या ४५ अंश पुढे. इतकी कमी वारंवारता कागदावरच भेटते, पण रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स समान झाले की कोन ४५ अंश होतो हे तिने पक्कं बसतं. या दिवशी कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर, हे प्रत्येक गणिताआधी पाहावं. रेझोनन्सचं एखादं गणितही याच दिवशी.

सहाव्या दिवशी टू-पोर्ट अवघड वाटत नाही, कारण बॅटरी आणि लोड काढल्यावर उरलेले ६, ३, २ हे इंग्रजी टी आकाराचं नेटवर्कच आहे. Z11 येतो ९ किलोओहम, Z22 येतो ५, आणि Z12, Z21 दोन्ही ३. त्यावरून ABCD काढले तर A ३, B १२ किलोओहम, C एक तृतीयांश मिलिसीमेन्स, D पाच तृतीयांश. AD − BC = 1 आलं की ताळा जमला. मात्र हा ताळा डिपेंडंट सोर्स नसलेल्या अशा साध्या नेटवर्कलाच लागतो. ग्राफ थिअरी असेल तर टाय-सेट आणि कट-सेट उरलेल्या वेळात बसतात.

सातव्या दिवशी नवं काही उघडू नये. एक जुना पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवावा, दुपारी आठवडाभर चुकलेली गणितं पुन्हा कोऱ्या कागदावर करावीत. आणि उत्तरपत्रिकेत प्रत्येक आकृतीवर करंटचे बाण, धन-ऋण चिन्हं व एककं आधी लिहावीत, म्हणजे शेवटचा आकडा चुकला तरी मधल्या पायऱ्या तपासणाऱ्याला दिसतात आणि त्यांचे मार्क मिळू शकतात.