तीन प्रार्थनांपैकी एक

बहाई धर्मात पुरोहित नाहीत. वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाली की रोजची अनिवार्य प्रार्थना ज्याची त्याने, एकट्याने म्हणायची असते. रांगा लावून, कुणाच्या तरी मागे उभे राहून म्हणायची सामूहिक प्रार्थना या धर्मात फक्त मृतासाठी आहे. रोजच्या प्रार्थनेचे तीन प्रकार आहेत, छोटी, मध्यम आणि दीर्घ, आणि त्यांतली कोणती म्हणायची हे माणसाने स्वतः ठरवायचे. आज एक, उद्या दुसरी, असेही चालते. एक म्हटली की त्या दिवसाची बाकीच्या दोन्हींतून सुटका.

ऐकायला हे सैल वाटते. पण मोकळीक आहे ती निवडीपुरती. एकदा प्रकार ठरला की त्याची वेळ, त्याचे शब्द आणि त्याच्या हालचाली ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे आहे. छोटी प्रार्थना चोवीस तासांतून एकदाच, पण मध्यान्ह ते सूर्यास्त एवढ्याच वेळात. मध्यम तीनदा: सूर्योदय ते मध्यान्ह, मध्यान्ह ते सूर्यास्त, आणि सूर्यास्तानंतरचे दोन तास. दीर्घ प्रार्थना चोवीस तासांतून एकदा, कधीही. तिच्यासाठी बहाउल्लांनी सुचवलेली वेळ घड्याळातली नाहीच. मन नम्र आणि ओढीने भरलेले असेल तेव्हा ती म्हणावी, असे त्यांचे सांगणे.

पुण्यात बँकेत नोकरी करणारी एक बहाई बाई डोळ्यांसमोर आणा. डिसेंबर महिना आहे, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मध्यम प्रार्थना धरली तर सकाळची घरी होईल, दुपारची जेवणाच्या सुट्टीत कशीबशी होईल, पण संध्याकाळची आठच्या आत व्हायला हवी, आणि बँक बंद करून, वाहतुकीतून वाट काढत घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. म्हणून कामाच्या दिवशी ती छोटी प्रार्थना धरते. इथे एक बारकावा आहे. मध्यान्ह म्हणजे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ, आणि आपले घड्याळ पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेले असल्यामुळे पुण्याचा सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. काटेकोरपणे सूर्य पाहणाऱ्याला ठोक्याला बारा वाजता प्रार्थना उरकून चालणार नाही. एखाद्या दिवशी मात्र बैठक लांबते आणि बाहेर येऊन पाहावे तो अंधार पडलेला. छोटीची वेळ गेली, मध्यमची सकाळ-दुपार केव्हाच हुकली. तरी दिवस हातचा गेलेला नाही, कारण रात्री घरी दीर्घ प्रार्थना म्हणता येते. तिघींत सर्वांत मोठी असलेली प्रार्थनाच वेळेच्या बाबतीत सर्वांत सोयीची आहे, ही या रचनेतली मला आवडलेली गोष्ट.

प्रार्थनेआधी हात आणि तोंड धुवायचे. पाय धुणे या विधीचा भाग नाही. छोट्या आणि दीर्घ प्रार्थनेआधी हे धुणे मुकाट्याने केले तरी चालते. मध्यम प्रार्थनेत मात्र हात धुताना एक आणि तोंड धुताना एक, असे दोन छोटे मंत्रवजा पाठ आहेत. नुकतीच आंघोळ झाली असली तरी हे धुणे चुकत नाही, कारण त्याचा हेतू मळ काढण्याचा नाही, प्रार्थनेच्या तयारीचा आहे. थंडीत कोमट पाणी चालते. पाणी मिळालेच नाही, किंवा हाताला जखम आहे आणि पाण्याने ती चिघळेल, तर ईश्वराच्या परम पवित्र नावाचा एक छोटा पाठ पाच वेळा म्हणायचा की झाले.

मग दिशा. अनिवार्य प्रार्थनेत तोंड अक्का शहराजवळच्या बहजी या ठिकाणाकडे असते. आजच्या इस्रायलमधल्या या जागी 1892 मध्ये बहाउल्लांचा देहान्त झाला, आणि तिथेच त्यांची समाधी आहे. पुण्या-मुंबईहून ही दिशा पश्चिम आणि वायव्य यांच्या मधोमध नाही, वायव्येकडे थोडी जास्त झुकलेली आहे. पश्चिमेकडे तोंड करून उजवीकडे सुमारे तीस अंश वळले की माणूस बरोबर उभा असतो.

छोटी प्रार्थना उभ्याने म्हणणे अधिक योग्य मानले जाते आणि ती मिनिटाच्या आत संपते. बँकेतल्या बाईला बेसिनवर हात-तोंड धुऊन एखाद्या रिकाम्या खोलीत ती सहज म्हणता येते, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. मध्यम प्रार्थनेत उभे राहणे, गुडघ्यांवर हात टेकून वाकणे, पुन्हा उभे राहून तळहात वर करून चेहऱ्याकडे धरणे आणि शेवटी बसणे एवढे येते. दीर्घ प्रार्थनेत शरीराला खरे काम आहे. ती सुरू होते ती उभे राहून, उजवीकडे-डावीकडे नजर टाकत, जणू कुणाच्या कृपेची वाट पाहावी तशी. पुढे हात याचनेसाठी वर जातात, माणूस वाकतो, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो, बसतो, पुन्हा उभा राहतो. कपाळ टेकायला खास आसन किंवा मातीची टिकली लागत नाही. जागा स्वच्छ असली की पुरे. ज्याला एवढे वाकणे-उठणे झेपत नाही, त्याने छोटी निवडावी.

हे सगळे एकाच वेळी एकाच ग्रंथात आले असे नाही. 1873 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘किताब-ए-अकदस’ या कायदेग्रंथात नऊ रकातींच्या प्रार्थनेचा उल्लेख आहे. तिचा मजकूर वेगळा लिहिला होता. तो पुढे चोरीला गेला. तिच्या जागी बहाउल्लांनीच आज चालणाऱ्या या तीन प्रार्थना दिल्या. मूळ अरबी आहेत, पण भाषांतरातून म्हणता येतात. शब्द मात्र आपल्या मनाने बदलायचे नाहीत.

सवलतींचा भाग मराठी वाचकाला विशेष वाटेल. आजारी माणूस आणि सत्तरी ओलांडलेले वृद्ध यांना सूट आहे. पाळी आलेल्या बाईलाही आहे. तिने हात-तोंड धुऊन, एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत ईश्वराच्या गौरवाचे एक छोटे वाक्य 95 वेळा म्हणावे. पण विटाळाची कल्पनाच बहाउल्लांनी रद्द केली असल्यामुळे ही बंदी ठरत नाही. बाईला त्या दिवसांतही नेहमीची प्रार्थना म्हणायची असेल तर तिला कुणी अडवू शकत नाही. आपल्याकडे देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलेल्या बायकांच्या कित्येक पिढ्या गेल्या, त्यामुळे सूट आणि मनाई यांतले हे अंतर छोटे मानता येत नाही.

प्रवासात किंवा असुरक्षित ठिकाणी प्रार्थना राहिली तर तिचीही भरपाई आहे. सुरक्षित जागी पोचल्यावर राहून गेलेल्या प्रत्येक प्रार्थनेसाठी एकदा कपाळ जमिनीला टेकवायचे. ते झाले की मांडी घालून बसायचे आणि ईश्वराच्या राज्याचे गुणगान करणारे एक वाक्य अठरा वेळा म्हणायचे. स्त्री असो वा पुरुष, नियम एकच.